तेरजेतला फरक नवाने भागला जातो तेव्हा चूक कुठे शोधायची

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात नौपाड्यातल्या एका गृहनिर्माण संस्थेच्या खजिनदार काकांचा फोन आला. "ताई, तेरीज जुळत नाहीये. तीन संध्याकाळी गेल्या. बेरजा चार वेळा केल्या, प्रत्येक वेळी तोच फरक येतो."

"किती?"

"पाच हजार चारशे. नावे बाजू जास्त आहे."

तेरीज म्हणजे खातेवहीतल्या सगळ्या खात्यांच्या शिलकांची यादी. तिच्या नावे आणि जमा बाजूंची बेरीज सारखी यायला हवी, आणि काकांची येत नव्हती. पाच अधिक चार नऊ. आकड्यातल्या अंकांची बेरीज नऊ किंवा नवाच्या पटीत आली, तर तो आकडा नवाने भागला जातो. अठ्ठावीस फ्लॅटची संस्था, हाताने लिहिलेली खातेवही, आणि नवाने भागला जाणारा फरक. मी काकांना सांगितलं, आता बेरजा थांबवा आणि मी येईपर्यंत वहीत काहीही खोडू नका. त्या संध्याकाळी ज्या क्रमाने चूक शोधली तोच क्रम इथे मांडते आहे. "फरक नवाने भागला गेला तर अंकांची अदलाबदल झालेली असते" एवढं वाक्य कॉमर्स शिकलेल्या प्रत्येकाला पाठ असतं. पण भागाकार करून आलेल्या उत्तराचं पुढे काय करायचं, हे फार कमी जण सांगतात. खरं काम त्या उत्तरापासून सुरू होतं.

नऊच का?

३७ च्या जागी ७३ लिहिलं, तर फरक ३६ पडतो. सात एककाच्या घरात होते ते दशकाच्या घरात गेले, म्हणजे ७ चे ७० झाले आणि ६३ वाढले. तीन दशकातून एककात आले, ३० चे ३ झाले आणि २७ कमी झाले. ६३ वजा २७ म्हणजे ३६. एक घर डावीकडे सरकलेला अंक स्वतःच्या नऊपट वाढतो आणि एक घर उजवीकडे आलेला त्याच हिशोबाने घटतो. म्हणून शेजारच्या दोन अंकांची अदलाबदल झाली, की फरक नेहमी "त्या दोन अंकांमधलं अंतर गुणिले नऊ" इतकाच येतो. इथे ७ आणि ३ मधलं अंतर ४, आणि ४ नवे ३६.

अदलाबदल शतक आणि हजाराच्या घरांत झाली, तर हाच हिशोब शंभरपट होतो. ३,७०० च्या जागी ७,३०० लिहिलं, तर फरक ३,६००.

म्हणजे फरकाला नवाने भागल्यावर आलेल्या उत्तरातून दोन गोष्टी कळतात. उत्तरातला अंक सांगतो की अदलाबदल झालेल्या अंकांमध्ये किती अंतर आहे. त्या अंकापुढची शून्यं सांगतात की अदलाबदल कोणत्या घरांत झाली. शून्य नसेल तर दशक आणि एकक, एक शून्य असेल तर शतक आणि दशक, दोन असतील तर हजार आणि शतक.

काकांचे ५,४०० भागिले ९ म्हणजे ६००. अंतर सहा, घरं हजार आणि शतक. सहाचं अंतर असलेल्या जोड्या चारच: ० आणि ६, १ आणि ७, २ आणि ८, ३ आणि ९. अख्ख्या वहीतून आता फक्त असे आकडे शोधायचे होते, ज्यांच्या हजार आणि शतकाच्या घरांत या चारपैकी एखादी जोडी शेजारी बसली आहे.

पण त्याआधी दोन प्रश्न

नवाकडे धावण्याआधी दोन साध्या शक्यता संपवायच्या. त्या वगळून थेट अदलाबदल शोधत बसलेली माणसं मी पाहिली आहेत, आणि त्यांचे दिवस वाया गेले आहेत.

पहिली शक्यता: ५,४०० ही रक्कम स्वतःच कुठे राहून गेली आहे का, किंवा दोनदा लिहिली गेली आहे का? दुसरी: तिची निम्मी रक्कम, २,७००, चुकीच्या बाजूला पडली आहे का? जमेची रक्कम नावे टाकली, तर फरक दुप्पट पडतो. नवाने भागला जाणारा आणि सम असा कोणताही फरक या दुसऱ्या शक्यतेत बसू शकतो.

संस्थांच्या हिशोबात हे जास्त जपायला हवं. मासिक देखभाल वर्गणी १,८०० किंवा २,७०० असेल, तर राहून गेलेली प्रत्येक पावती नवाने भागली जाणारच. तिथे फरक नवाच्या पटीत आला म्हणजे अदलाबदलच, असं मानता येत नाही. काकांच्या संस्थेची वर्गणी २,४०० होती, ती नवाने भागली जात नाही, त्यामुळे तो गोंधळ नव्हता. २,७०० ची एकच नोंद सापडली, प्लंबरला दिलेली. ती दुरुस्ती खात्यात नावे आणि बँकेत जमा, जिथे असायला हवी तिथेच होती. ५,४०० ची नोंद कुठेच नव्हती.

आणखी एक लक्षात ठेवा. कुठलाही फरक घेतला, तरी तो नवाने भागला जाण्याची शक्यता नवात एक असतेच. म्हणून नवाची खूण मिळाली की कुठून सुरुवात करायची ते ठरतं, चूक सिद्ध होत नाही.

जास्त बाजू कोणती, यावरून अंकांचा क्रम ठरवा

ही पायरी बहुतेक जण गाळतात, आणि हिच्यामुळे काम जवळजवळ निम्मं होतं.

नावे बाजू जास्त आहे. एकाच चुकीतून हे झालं असेल, तर अर्थ दोनच: नावे बाजूचा एखादा आकडा खऱ्यापेक्षा मोठा लिहिला गेला, किंवा जमा बाजूचा एखादा लहान लिहिला गेला. अदलाबदलीने आकडा मोठा होतो तो मोठा अंक डावीकडे गेल्यामुळे. म्हणून नावे बाजूला असे आकडे बघायचे, जिथे हजाराच्या घरातला अंक शतकाच्या अंकापेक्षा सहाने मोठा लिहिलेला आहे: ६०, ७१, ८२, ९३. जमा बाजूला उलट, हजाराचा अंक शतकापेक्षा सहाने लहान: ०६, १७, २८, ३९. क्रम उलटा असलेला आकडा संशयित नसतो. त्यातले अंक फिरवले, तर फरक मिटण्याऐवजी दुप्पट होईल.

इथे बाजू म्हणजे ती नोंद ज्या रकान्यात पडली आहे तो रकाना. सभासदाचं खातं येणे दाखवत असलं, तरी त्याने भरलेल्या रकमेची नोंद जमा बाजूची आहे, आणि तिला जमा बाजूचाच नियम लावायचा.

आता काकांची तेरीज बघा.

| नावे | रुपये | जमा | रुपये |
|---|---|---|---|
| मुदत ठेवी | ७,००,००० | भागभांडवल | ७,००० |
| बँक शिल्लक | १,६३,२८५ | सिंकिंग फंड | ४,१२,६०० |
| रोख शिल्लक | ४,११५ | दुरुस्ती निधी | २,८६,४५० |
| सभासदांकडून येणे | ५७,६०० | राखीव निधी | ३८,२०० |
| लिफ्ट देखभाल | ५४,००० | देखभाल वर्गणी | ८,०६,४०० |
| सुरक्षारक्षक | ३,३६,००० | ठेवींवरील व्याज | ३१,८४० |
| वीज | १,५३,७७० | सभासदांची आगाऊ वर्गणी | १४,४०० |
| पाणी | १,२६,८४० | देणी | २२,७५० |
| सफाई | ९६,००० | मागील शिल्लक अधिशेष | १,९४,३८० |
| दुरुस्ती | ७३,९४० | | |
| स्टेशनरी व किरकोळ | ११,२६५ | | |
| लेखापरीक्षण शुल्क | ८,५०० | | |
| पंप व मोटर | ३४,१०५ | | |
| एकूण | १८,१९,४२० | एकूण | १८,१४,०२० |

नावे बाजूला हजाराचा अंक शतकापेक्षा सहाने मोठा असलेले दोनच आकडे आहेत: ३,३६,००० आणि ९६,०००. दोन्हींत ६ आणि ० शेजारी आहेत, मोठा अंक डावीकडे. ७३,९४० मध्येही ३ आणि ९ चं अंतर सहाच आहे, पण तिथे लहान अंक डावीकडे आहे, म्हणून तो सोडायचा. जमा बाजूला ३८,२०० वर नजर थांबते, कारण ८ आणि २ मधलं अंतर सहाच आहे. पण तिथे आठ आधीच डावीकडे आहे. ते फिरवून ३२,८०० केले, तर जमा बाजू आणखी कमी होईल. क्रम उलटा, म्हणून तो आकडा सोडायचा.

उरलेले दोन आकडे खातेवहीत पाहिले. सुरक्षारक्षकांचे महिन्याला २८,००० प्रमाणे बारा महिन्यांचे ३,३६,००० बरोबर. सफाईचे ८,००० प्रमाणे ९६,००० बरोबर. म्हणजे खातेवहीतून तेरजेत आकडे उतरवताना हजार-शतकाची अदलाबदल झालेली नव्हती. बावीस आकड्यांची ही तपासणी पाच मिनिटांत संपली.

शिल्लक आकड्यात खूण दिसत नाही

इथे थांबून एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. वरच्या तक्त्यात वीज खात्याचे १,५३,७७० आहेत. त्यात हजाराच्या घरात ३, शतकाच्या घरात ७, म्हणजे सहाची जोडी नाहीच. तरीही चूक त्याच खात्यात होती. अदलाबदल ज्या आकड्यात झाली त्यातच तिची खूण राहते. तो आकडा दहा-बारा नोंदींमध्ये मिसळून शिल्लक काढली, की फरक नवाच्या पटीत राहतो, पण अंकांची जोडी दिसेनाशी होते.

म्हणून एकेका टप्प्यावर त्या टप्प्याचे आकडे घेऊन तीच चाळणी लावायची. टप्पे तीन. खातेवहीतल्या शिलका तेरजेत उतरवल्या तो एक. मागच्या वर्षीच्या ताळेबंदातल्या शिलका या वर्षीच्या सुरुवातीला घेतल्या तो दुसरा. रोकड वही, बँक वही आणि रोजकीर्द यांतल्या नोंदी एकेका खात्यावर उतरवल्या, म्हणजे खतावणी केली, तो तिसरा. मी सहसा याच क्रमाने जाते, कारण पहिल्या दोन टप्प्यांत आकडे थोडे असतात आणि शंका लवकर फिटते.

दुसरा टप्पा आम्ही मागच्या वर्षीचा लेखापरीक्षित ताळेबंद शेजारी ठेवून पाहिला. ठेवी, निधी, बँक, सभासदांची येणी, सगळं जुळलं. उरली खतावणी. तिथे नोंदी शेकड्यांनी होत्या.

कानाची चूक आणि डोळ्याची चूक

आता सांगते ती खूण मला कोणी शिकवली नाही. ठाण्यात इतकी वर्षं वह्या तपासताना ती हळूहळू ध्यानात आली.

मराठीत आपण दोन अंकी संख्या उलट्या क्रमाने बोलतो. ४७ म्हणताना "सत्तेचाळीस", म्हणजे आधी सात, मग चाळीस. कान सात आधी ऐकतो, आणि हात थकलेला असेल तर सात आधी लिहून बसतो. मग ४७ चे ७४ होतात. "छत्तीस" ऐकून ६३ लिहिलेलंही मी पाहिलं आहे. एकमेकांकडे पाठ केलेले तीन आणि सहा वहीत समोरासमोर येतात आणि २७ चा फरक पडतो. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात "वीस एक, वीस दोन" असं संख्यावाचन आलं, तेव्हा राज्यभर वाद झाला होता. त्या वादात कोण बरोबर हा वेगळा प्रश्न. पण बोलण्याचा आणि लिहिण्याचा क्रम उलटा असल्याने काय होतं, ते हिशोब लिहिणाऱ्याला रोज दिसतं.

मात्र ही उलटापालट सगळ्या घरांत होत नाही. १२,८३० आपण "बारा हजार आठशे तीस" असं वाचतो. "बारा" ही एक जोडी, "तीस" ही दुसरी, आणि मधले "आठशे" एकटे. म्हणजे ऐकून लिहिताना अदलाबदल होते ती दशक-एककात, किंवा दहा हजार-हजारात, किंवा दहा लाख-लाखात. शतकाचा अंक बोलताना कोणाशीच जोडलेला नसतो.

त्यामुळे नवाने भागून आलेलं उत्तर एकच अंक असेल, किंवा त्या अंकापुढे तीन शून्यं असतील, तर मी आधी विचारते की हे आकडे कोणी वाचून दाखवले आणि कोणी लिहिले. फरक २७ असो वा २७,०००, आधी सांगून लिहिलेल्या नोंदी बघायच्या. उत्तरात अंकापुढे एक किंवा दोन शून्यं असतील, तर अदलाबदल शतकाच्या घराला शिवून गेली आहे. अशी चूक बहुधा बघून लिहिताना होते. नजर एका वहीवरून दुसऱ्या वहीवर जाताना दोन अंक जागा बदलतात. कीबोर्डवर टाइप करणाऱ्या बोटांकडून मात्र कुठल्याही घरात होऊ शकते, तिथे ही खूण चालत नाही.

काकांचं उत्तर ६०० होतं, म्हणजे शतकाला शिवणारं. मी विचारलं, "तुम्ही आकडे कसे लिहिता?"

"तेरीज करताना सूनबाई वाचते, मी लिहितो. खतावणी मात्र मी एकटाच करतो, बँक वही समोर ठेवून."

म्हणजे बघून लिहिण्याचं काम खतावणीत होतं, आणि तेही बँक वहीतून. शोध तिथून सुरू केला.

खतावणीतली शोधाशोध

खर्चाच्या खात्यांवर बँक वहीतून आलेल्या नावे नोंदी घेतल्या. सुरक्षारक्षक २८,०००, सफाई ८,००० अशा ठरलेल्या रकमा बाजूला ठेवल्या. त्या दर महिन्याला सारख्याच असल्याने एखादी वेगळी पडली असती तर लगेच दिसली असती. उरलेल्या नोंदींमध्ये पेन्सिलीने फक्त हजार आणि शतकाचे अंक बघत गेलो. बाकीचे अंक मुद्दाम वाचायचे नाहीत. पूर्ण आकडा वाचला, की मन तो बरोबर आहे असं समजून पुढे जातं.

तीन नोंदींवर टिक पडली. दुरुस्ती खात्यात ६,०५०. पाणी खात्यात १७,१४०. वीज खात्यात १८,२३०. तिन्हींमध्ये हजाराचा अंक शतकापेक्षा सहाने मोठा.

मग बँक वहीची तीच पानं उघडली. दुरुस्तीचे ६,०५० जुळले. पाण्याचे १७,१४० जुळले. विजेच्या नोंदीसमोर बँक वहीत १२,८३० होते.

इथे दोन आकडे वेगळे निघाले म्हणून खातेवहीतलाच चुकीचा असं लगेच धरायचं नाही. बँक वहीत लिहितानाही चूक झालेली असू शकते. म्हणून तिसरा पुरावा बघितला: वीज बिल आणि बँकेचं पासबुक. दोन्हीकडे १२,८३०. म्हणजे खातेवहीत २ आणि ८ ची जागा बदलली होती, आणि १८,२३० वजा १२,८३० म्हणजे नेमके ५,४००.

काका काही क्षण त्या आकड्याकडे बघत राहिले. "मी हे पान निदान दहा वेळा वाचलं असेल," ते म्हणाले. मला त्यात नवल वाटलं नाही. आपण स्वतः लिहिलेला आकडा परत वाचताना तो ज्या आकड्यावरून उतरवला त्याच्याशी आपण ताडून पाहत नाही, फक्त पुन्हा वाचतो. दोन वह्या शेजारी ठेवल्याशिवाय अशी चूक दिसत नाही.

दुरुस्ती कशी करायची

चुकीचा आकडा खरडून किंवा व्हाइटनर लावून घालवू नका. त्यावर एक आडवी रेघ मारून वर बरोबर आकडा लिहा, शेजारी तारीख आणि सही करा. जुना आकडा वाचता आला पाहिजे, लेखापरीक्षक तोच बघतात. वीज खात्याची शिल्लक १,५३,७७० वरून १,४८,३७० झाली आणि दोन्ही बाजू १८,१४,०२० वर आल्या.

चूक सापडण्याआधी फरक तात्पुरता ठेवायच्या निलंबित खात्यात टाकून पुढे गेला असाल, तर नुसती रेघ मारून चालणार नाही. नावे बाजू जास्त होती, म्हणजे निलंबित खात्यात ५,४०० जमा पडलेले असतील. दुरुस्तीच्या नोंदीत निलंबित खाते नावे ५,४०० आणि वीज खर्च खाते जमा ५,४०० करायचे. ही नोंद झाल्यावर निलंबित खातं शून्यावर आलं पाहिजे. आलं नाही, तर आणखी एक चूक शिल्लक आहे, आणि उरलेल्या रकमेवर नवाची कसोटी पुन्हा लावायची.

उत्तरात एकच अंक नसेल तर

५,४०० चं उत्तर ६०० सुटसुटीत आलं. पण समजा फरक ३,२४० आहे. नवाने भागून ३६० येतात. इथे शून्यापूर्वी दोन अंक आहेत, तेव्हा ही शेजारच्या दोन अंकांची साधी अदलाबदल नाही. आता बघायचं की कुठे ३६० च्या जागी ३,६०० लिहिले गेले आहेत का, किंवा ३,६०० च्या जागी ३६०. एक शून्य वाढलं किंवा गळलं, म्हणजे आकडा एक घर सरकला, की फरक लहान आकड्याच्या नऊपट असतो. म्हणून नवाने भागलं की तो लहान आकडाच हातात येतो. तो थेट वहीत शोधायचा. अदलाबदलीपेक्षा हे सोपं आहे, कारण इथे अख्खी रक्कम कळते.

आकडा दोन घरं सरकला, तर फरक नव्व्याण्णव पट होतो. पैशांचा बिंदू विसरून ८४.५० चे ८,४५० झाले, तर फरक ८,३६५.५०. त्याला ९९ ने भागलं की ८४.५० मिळतात. फरकात पैसे असतील, तर आधी सगळे पैशांत करून मग नवाची कसोटी लावा, नाहीतर अपूर्णांकात अडकाल.

मधला एक अंक सोडून दोन अंकांची अदलाबदल झाली, जसं ४२७ चे ७२४, तेव्हाही फरक ९९ च्याच पटीत येतो. इथे २९७ भागिले ९९ म्हणजे ३, आणि ७ वजा ४ तीनच. त्यामुळे ९९ ने भाग गेला, तर दोन्ही शक्यता बघायच्या.

यापैकी काहीच सापडलं नाही, तर दोन वेगळ्या चुका एकत्र झाल्याची शंका घ्या. बेरजेत एका ठिकाणी हातचा एक विसरून १० कमी पडले आणि दुसरीकडे १ जास्त झाला, तरी मिळून ९ चा फरक येतो. तिथे अंकांच्या जोड्या शोधून काही हाती लागणार नाही. रकानेच वरून खाली आणि खालून वर मोजावे लागतात. उत्तर एकावर काही शून्यं असं आलं, म्हणजे फरक ९, ९०, ९०० असा असेल, तर शून्याच्या जागी नऊ किंवा नवाच्या जागी शून्य वाचलं गेलं का, तेही बघा. घाईत लिहिलेला ९ नीट वळला नाही, तर असं होतं.

एक्सेल आणि टॅली

नोंदी एक्सेलमध्ये असतील, तर डोळ्यांनी चाळायची गरज नाही. रक्कम A रकान्यात असेल, तर शेजारी हे सूत्र टाका. ते हजाराच्या अंकातून शतकाचा अंक वजा करतं:

```
=MOD(INT(A2/1000),10)-MOD(INT(A2/100),10)
```

नावे बाजू जास्त असताना नावे नोंदींमध्ये उत्तर 6 आलेल्या ओळी आणि जमा नोंदींमध्ये -6 आलेल्या ओळी फिल्टर करा. दशक-एककासाठी 1000 आणि 100 च्या जागी 10 आणि 1 घाला.

टॅलीत नोंदीच्या दोन्ही बाजू सारख्या झाल्याशिवाय व्हाउचर स्वीकारलं जात नाही, त्यामुळे खतावणीतली अशी चूक तेरजेत दिसतच नाही. तिथे फरक दिसतो तो `Difference in opening balances` या ओळीत, जेव्हा जुन्या वहीतल्या सुरुवातीच्या शिलका भरताना एखादा आकडा चुकलेला असतो. त्या ओळीतल्या रकमेला हीच पद्धत जशीच्या तशी लागते, आणि शोधायचे आकडे फक्त सुरुवातीच्या शिलकांचे असल्याने काम लवकर होतं. पण व्हाउचर टाकतानाच १२,८३० च्या जागी १८,२३० टाइप झाले, तर वीज आणि बँक दोन्ही खाती सारखीच चुकतात आणि तेरीज जुळलेली दिसते. ती चूक बँक जुळवणी करताना, पासबुक आणि बँक खात्यातल्या फरकात सापडते. तो फरकही नवाने भागून बघा.

काकांच्या वहीतली त्या वर्षाची बँक जुळवणी आम्ही त्याच संध्याकाळी केली. तेरीज जुळली तरी बँक वहीतच एखादा आकडा चुकीचा लिहून तसाच खतावला गेला नाही ना, हे बघायचं होतं. पुढच्या वर्षापासून सूनबाई आकडे वाचताना "बारा हजार आठशे तीस" म्हणत नाहीत. "एक, दोन, आठ, तीन, शून्य" असं सुटं वाचतात, आणि काका लिहून झाल्यावर तसंच सुटं परत वाचून दाखवतात.